वस्तू परत गेली, पैसे कुठे अडले?

अ‍ॅपवर हिरव्या खुणा एकाखाली एक लागलेल्या असतात. परतीची विनंती मंजूर. माल उचलला. माल मिळाला. रिफंड दिला. नोंद नसते ती फक्त पासबुकात. मग ग्राहक कस्टमर केअरला फोन लावतो, ‘माझे पैसे कधी मिळणार?’ असं विचारतो आणि ‘मॅडम, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास वाट बघा’ हे उत्तर घेऊन फोन ठेवतो. दोन दिवसांनी पुन्हा फोन, या वेळी दुसरा माणूस, उत्तर मात्र तेच.

या प्रश्नाचं उत्तर द्यायला समोरच्याला काहीही शोधावं लागत नाही, म्हणून ते इतकं पटकन मिळतं. त्याच्या पडद्यावर एक ठरलेलं वाक्य असतं, ते तो वाचून दाखवतो. त्याऐवजी ‘पैसे कोणत्या मार्गाने, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यावर पाठवले आणि त्या व्यवहाराचा क्रमांक काय?’ असं विचारलं, तर त्याला हिशेबाची नोंद उघडावी लागते. ती त्याला दिसत नसेल तर तक्रार वर पाठवावी लागते. अडकलेला रिफंड सुटतो तो बहुधा या क्रमांकापाशी.

त्यासाठी अ‍ॅपवरचे शब्द नीट वाचायला हवेत. ‘माल उचलला’ म्हणजे कुरिअरच्या माणसाने तुमच्या दारात पाकिटावरचा बारकोड स्कॅन केला, एवढंच. काही कंपन्या काही वस्तूंचे पैसे या स्कॅनवरच सोडतात, पण सगळ्या नाही. ‘माल मिळाला’ म्हणजे ती वस्तू गोदामात किंवा विक्रेत्याकडे पोचली. तिथे ती उघडून तपासतात, आणि ही तपासणी पार पडली की परत मान्य होते. ‘रिफंड दिला’ या शब्दांवर मात्र सगळ्यात जास्त लोक फसतात. कंपनीच्या संगणकाने पैसे पाठवायची आज्ञा सोडली, इतकाच त्याचा अर्थ. आज्ञा पुढे पार पडली का, पैसे खात्यावर उतरले का, की अर्ध्या वाटेवरून परत फिरले, हे त्या हिरव्या खुणेला बऱ्याचदा ठाऊकच नसतं.

आपण विचार करणार आहोत तो शेवटच्या टप्प्याचा. माल पोचला आहे, कंपनीने तो मान्य केला आहे, ‘रिफंड दिला’ असंही लिहून आलं आहे, आणि पैसे नाहीत. एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातली गाठ खरी आहे.

मिरजेच्या एका बाईंनी एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून ३,८९९ रुपयांचा मिक्सर मागवला. पैसे दारात रोख दिले, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. चटणीचं भांडं पहिल्याच दिवशी गळायला लागलं. त्यांनी परतीची विनंती केली, ३ मार्चला कुरिअरवाला मिक्सर घेऊन गेला, ७ तारखेला ‘माल मिळाला’ आणि ९ तारखेला ‘रिफंड दिला’ असा संदेश आला. १८ तारखेपर्यंत खात्यावर दमडी नाही.

रोख दिलेले पैसे रोख परत येत नाहीत. ते बँक खात्यावर येतात, किंवा ग्राहकाने तसं निवडलं तर कंपनीच्या अ‍ॅपमधल्या शिलकीत जमा होतात. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या अ‍ॅपमधली शिल्लक उघडून बघणं. परत करताना घाईघाईत पुढे-पुढे बटणं दाबली की हा पर्याय नकळत निवडला जातो, आणि मग पैसे कंपनीच्याच घरात बसून असतात. मिरजेच्या बाईंनी पाहिलं, तिथे शून्य होतं. मग त्यांनी चॅटवर वरचा नेमका प्रश्न विचारला. दोन वेळा ‘थोडी वाट बघा’ झाल्यावर तिसऱ्या वेळी उत्तर आलं: ९ मार्चला एनईएफटीने पाठवले, यूटीआर क्रमांक असा असा.

इथे या क्रमांकाविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण नुसत्या त्याच्या लांबीवरूनही बरंच कळतं. एनईएफटीचा यूटीआर सहसा सोळा अक्षरांचा असतो आणि सुरुवातीला पाठवणाऱ्या बँकेची अक्षरं असतात. यूपीआय किंवा आयएमपीएसचा क्रमांक बारा आकडी. कार्डावर परत केलेल्या पैशांचा क्रमांक तेवीस आकडी असतो आणि त्याला एआरएन म्हणतात. तुम्ही कार्डाने पैसे दिले होते आणि कंपनी ‘हा घ्या रेफरन्स’ म्हणून भलताच, स्वतःच्या ऑर्डर नंबरसारखा दिसणारा आकडा देत असेल, तर तो तिचा अंतर्गत नंबर आहे. बँकेला त्याचा काही उपयोग नाही. पुन्हा मागा, आणि एआरएन असंच नाव घेऊन मागा.

आता मिरजेच्या गोष्टीतली मुख्य गाठ. यूटीआर देताना कंपनीने असंही सांगितलं की आमच्याकडून पैसे गेले, बँकेत सात ते दहा दिवस लागू शकतात. एनईएफटीच्या बाबतीत हे पटणारं नाही. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीसुद्धा चालते आणि दर अर्ध्या तासाला एक बॅच निघते. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की बॅचचा हिशेब झाल्यापासून दोन तासांत पैसे घेणाऱ्या बँकेने ते खात्यावर जमा करायचे, आणि जमा करता येत नसतील तर पाठवणाऱ्या बँकेकडे परत करायचे. मध्ये आठवडाभर ठेवायची सोयच नाही. म्हणजे ९ तारखेला गेलेला एनईएफटी १८ तारखेला खात्यावर नसेल, तर शक्यता दोनच उरतात: तो भलत्या खात्यावर जमा झाला, किंवा परत फिरून कंपनीच्याच खात्यावर गेला. यातली दुसरी शक्यता फार मोठी, आणि कंपनीचं अ‍ॅप तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

बाईंनी कंपनीला विचारलं, रिफंड कोणत्या खात्यावर पाठवलात, शेवटचे चार आकडे आणि आयएफएससी सांगा. उत्तरात आयएफएससीची सुरुवात BKDN अशी निघाली, आणि तिथे सगळा उलगडा झाला. हा देना बँकेचा कोड. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि पुढे तिच्या शाखांचे जुने कोड बाद झाले. बाईंनी पूर्वी कधीतरी एक साडी परत केली होती, तेव्हा भरलेलं खातं अ‍ॅपमध्ये तसंच जतन होतं. नवीन परतीच्या वेळी अ‍ॅपने तेच आपणहून पुढे केलं आणि त्यांनी ‘पुढे’ दाबलं. पैसे निघाले, पत्ता सापडला नाही, पैसे परत फिरले. कंपनीच्या हिशेबखात्यात ते ‘परत आलेले’ म्हणून कुठेतरी नोंदले गेले असणार, पण ग्राहकाच्या पडद्यावरची खूण हिरवीच राहिली.

देना बँक हे एक उदाहरण झालं. सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्रा, ओरिएंटल, अलाहाबाद, युनायटेड या बँकाही १ एप्रिल २०२० ला दुसऱ्या बँकांत गेल्या. ज्यांची खाती तिथे होती त्यांनी अ‍ॅपमधलं जतन केलेलं खातं एकदा उघडून बघावं. चेकबुकाच्या पहिल्या पानावर छापलेला आजचा कोड आणि अ‍ॅपमधला कोड जुळला की झालं. सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत खातं असणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावं. काही लहान बँकांचा आयएफएससी दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत असतो आणि तो भरताना गोंधळ होतो.

पैसे कार्डाने किंवा यूपीआयने दिलेले असतील तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे रिफंड ज्या वाटेने आला त्याच वाटेने जातो, खातं वेगळं द्यावं लागत नाही. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत एक साधी चूक सर्रास होते: लोक बचत खात्याचा एसएमएस शोधत बसतात, आणि रिफंड कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये जमेच्या बाजूला येऊन पडलेला असतो, बाकी तेवढी कमी झालेली असते. ते पाहूनही काही नसेल तर तेवीस आकडी एआरएन घेऊन कार्ड देणाऱ्या बँकेकडे जायचं. एआरएन असेल तर बँक तो व्यवहार शोधू शकते. एआरएनच मिळत नसेल तर कंपनीने पैसे बहुधा सोडलेलेच नाहीत, आणि तेवढं कळणंही उपयोगाचं असतं. अशा वेळी बँकेकडे ‘विक्रेत्याने कबूल केलेला परतावा दिला नाही’ या कारणाने वाद नोंदवता येतो. यालाच चार्जबॅक म्हणतात. बँक अर्ज भरून घेते, परत मान्य झाल्याचा पुरावा मागते आणि कार्ड नेटवर्कमार्फत दुकानाच्या बँकेकडे दावा लावते. त्याला मुदत असते, म्हणून महिनोन्‌महिने कस्टमर केअरशी बोलत बसून मग बँकेकडे जाणं तोट्याचं. रोखीच्या व्यवहारात मात्र ही वाट मुळातच बंद, कारण मध्ये कुठलं कार्डच नाही.

आणखी एक गैरसमज. व्यवहार अडकला की बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असा एक संदेश फिरत असतो. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं तसं परिपत्रक खरंच आहे, पण ते फसलेल्या व्यवहारांसाठी आहे: एटीएममधून नोट न निघता खात्यातून पैसे वजा होणं, किंवा यूपीआयने पैसे कापले जाऊन समोरच्याला न मिळणं. परत केलेल्या वस्तूचा रिफंड दुकानाने उशिरा देणं त्यात बसत नाही. तक्रारीत ते परिपत्रक लिहिलं तर कंपनीच्या माणसाला नकार द्यायला आयतं निमित्त मिळतं.

आधार घ्यायचा तो ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० चा. जुलै २०२० मध्ये आलेल्या या नियमांत आपल्या कामाच्या दोन गोष्टी चौथ्या नियमात आहेत. एक, प्रत्येक ऑनलाइन बाजाराने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क स्वतःच्या साइटवर ठळक द्यायचा. त्या अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची. दोन, मान्य केलेल्या रिफंडचे पैसे वाजवी वेळेत देणं ही खुद्द त्या ई-कॉमर्स कंपनीची जबाबदारी आहे. ‘आम्ही फक्त बाजार भरवतो, पैसे विक्रेत्याकडून यायचे आहेत’ असं कंपनी म्हणते तेव्हा हा दुसरा मुद्दा समोर ठेवावा. परत मान्य करण्याआधी विक्रेत्याशी तिचा काय वाद असेल तो असो. मान्य झाल्यानंतर विक्रेत्याशी हिशेब कसा मिटवायचा, हा त्या दोघांमधला प्रश्न आहे. व्यवहारातही परत आलेल्या मालाचे पैसे सहसा विक्रेत्याच्या पुढच्या देण्यातून कापून घेतले जातात.

तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, अटी आणि गोपनीयतेच्या धोरणाशेजारी असतो. तो तिथूनच घ्यावा. गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून जो पहिला नंबर दिसेल त्यावर फोन करणं म्हणजे अडकलेल्या ३,८९९ रुपयांच्या मागे खातंच रिकामं करून घेणं. रिफंड अडकलेला माणूस भामट्यांना फार आवडतो, कारण तो स्वतःहून फोन करतो आणि पैशांच्या घाईत असतो. ‘एक अ‍ॅप उतरवून घ्या, तुमची स्क्रीन आम्हाला दिसू द्या’ किंवा ‘रिफंड घेण्यासाठी यूपीआय पिन टाका’ असं कोणी म्हणालं की फोन बंद. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. आणि चुकून गेलेच, तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करायचा.

मिरजेच्या बाईंनी अधिकाऱ्याला पाठवलेली ईमेल अशी होती:

‘ऑर्डर क्रमांक (तो इथे), रक्कम ३,८९९ रुपये, रोखीने दिलेली. ३ मार्चला तुमच्या कुरिअरने माल उचलला, परतीचा कुरिअर क्रमांक (तो इथे). ७ मार्चला माल मिळाल्याचा आणि ९ मार्चला रिफंड दिल्याचा तुमचा संदेश सोबत जोडला आहे. तुम्ही दिलेल्या यूटीआरची रक्कम माझ्या कोणत्याही खात्यावर जमा नाही. १ ते २० मार्चचं खातेउताऱ्याचं पान सोबत आहे. ज्या आयएफएससीवर पैसे पाठवले तो कोड विलीन झालेल्या बँकेचा असून बाद झाला आहे, त्यामुळे ही रक्कम तुमच्या खात्यावर परत आली असली पाहिजे. कृपया ती परत आल्याची तारीख कळवा आणि रक्कम खालील चालू खात्यावर पाठवून नवा यूटीआर द्या. रद्द केलेला चेक जोडला आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार पोच आणि तक्रारीचा टिकीट नंबर द्यावा.’

यात राग नाही, ‘तुम्ही लोकांना लुटता’ नाही, की आपण किती वर्षांचे जुने ग्राहक आहोत हेही नाही. वाचणाऱ्याला करायचं काम शेवटच्या तीन वाक्यांत आहे आणि ते करायला लागणारं सगळं वर आणि सोबत आहे. मराठीत लिहिलं तरी चालतं, पण ऑर्डर क्रमांक, यूटीआर आणि आयएफएससी इंग्रजी अक्षरांतच, जसेच्या तसे द्यावेत. मजकूर फोनवर सांगू नये. फोन केलाच, तर ठेवल्यावर लगेच ‘आत्ताच्या संभाषणात तुम्ही असं सांगितलंत’ अशी दोन ओळींची ईमेल करून ठेवावी. अ‍ॅपमधलं चॅट काही दिवसांनी गायब होऊ शकतं, म्हणून त्याचे स्क्रीनशॉट तारखेसकट त्याच दिवशी काढावेत.

बहुतेक प्रकरणं इथेच संपतात. संपली नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे: १९१५ हा फोन, किंवा consumerhelpline.gov.in ही साइट. मराठीत बोलता येतं. मात्र तिच्याकडून काय होईल याची नीट कल्पना असावी. हेल्पलाइन निकाल देत नाही, दंड करत नाही. ती तुमची तक्रार कंपनीकडे पोचवते आणि उत्तर मागते. मोठ्या कंपन्यांशी तिची थेट जोडणी आहे, तिथे तक्रार कस्टमर केअरच्या रांगेत न जाता वेगळ्या टेबलावर पडते. फरक पडतो तो त्यामुळे. इथेही यूटीआर आणि टिकीट नंबर आधीच हातात असलेली तक्रार लवकर हलते, कारण कंपनीला पुन्हा ‘माहिती द्या’ म्हणून दिवस काढता येत नाहीत.

त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. चार हजारांसाठी कोर्टकचेरी कोण करणार, असं वाटणं साहजिक आहे. पण २०१९ च्या कायद्याने इथल्या बऱ्याच अडचणी काढून टाकल्या आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीची फी शून्य आहे. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे मिरजेच्या बाईंना सांगलीच्या आयोगात. ती e-Jagriti या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. विरुद्ध पक्ष म्हणून ऑनलाइन बाजार आणि विक्रेता, दोघांचीही नावं घालावीत. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता बिलावर असतो. मूळ रकमेबरोबर व्याज आणि झालेल्या त्रासाची भरपाई मागता येते. वेळ मात्र लागतो. कायद्यात तीन महिने म्हटलं असलं तरी प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मनाशी धरूनच तिकडे जावं.

एक अवघड प्रकार राहिला. काही वेळा ‘माल मिळाला’ नंतर खूण उलटी फिरते आणि संदेश येतो: चुकीची वस्तू परत आली, रिफंड नाकारला. इथे यूटीआरचा मुद्दा उरत नाही. वस्तू तीच होती हे तुम्हालाच दाखवावं लागतं. त्याची तयारी माल उचलण्याच्या दिवशीच करायला हवी. मोबाइलचा आयएमईआय किंवा यंत्राचा अनुक्रमांक दिसेल असा फोटो, खोक्यात वस्तू ठेवून ते बंद करतानाचा सलग व्हिडिओ, आणि कुरिअरवाल्याने स्कॅन केल्यावर आलेला संदेश. दारात येणारा मुलगा घाईत असतो, तो ‘मॅडम, काही लागत नाही’ म्हणतो. लागतं. कंपनीने नाकारलं तर तिच्याकडे गोदामातले फोटो आणि तिथे आलेल्या वस्तूचा अनुक्रमांक मागावा. बिलावरचा क्रमांक, तुमच्या फोटोतला क्रमांक आणि गोदामातला क्रमांक शेजारी ठेवले की वाद तुमच्या घरात आहे की वाटेतल्या गोदामात, ते दिसतं.

मिरजेच्या बाईंना दुसऱ्या दिवशी पोच आली, आठवड्याभरात नवा यूटीआर आला आणि त्याच दुपारी पैसे जमा झाले. रक्कम होती ३,८५० रुपये. कॅश ऑन डिलिव्हरीचे एकोणपन्नास रुपये कंपनीने कापले होते. वस्तू सदोष असताना हे कापणं त्यांना मान्य नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच टिकीट नंबरावर, नवीन तक्रार न करता, आणखी एक ओळ लिहिली: भांडं गळत असल्याचं परतीच्या कारणात नोंदलं आहे, उरलेले ४९ रुपये कोणत्या अटीखाली कापले ते कळवा.